पैसे आले, लेबल लागलं, पण पार्सल निघालंच नाही: व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसवर ऑर्डरी कुठे हरवतात

यावल, फैजपूर, भुसावळ या पट्ट्यात घरून पापड, बिबडे, कुरडया, काळा मसाला विकणाऱ्या ताई-मावश्यांचे फोन दर उन्हाळ्यात माझ्याकडे येतात. तक्रार बहुतेक एकच असते: ऑर्डर चॅटमध्ये दिसते, पण माल गेलाच नाही. बिझनेस अ‍ॅप आहे, ग्रीटिंग मेसेज आहे, क्विक रिप्लाय आहेत, रंगीत लेबलं आहेत. तरी होळी झाली की आखाजीपर्यंतच्या गर्दीत काही ऑर्डरी हमखास निसटतात, आणि त्या नेमक्या जुन्या, भरवशाच्या गिऱ्हाइकांच्या असतात. असं का होतं ते पुढे येईलच.

आधी लक्षणं ओळखा

सगळ्यात ठळक लक्षण म्हणजे गिऱ्हाइकाचा मेसेज येतो, "ताई, मना पापड कोठे शेतस?" तुम्ही चॅट उघडता. चॅटवर Paid असं लेबल आहे, पैशाचा स्क्रीनशॉट आहे, पण बांधायच्या यादीत नाव नाही. याच्या उलटही घडतं. घरातल्या दोघींनी एकच ऑर्डर दोनदा बांधलेली असते.

दुसरं लक्षण लेबलांच्या आकड्यात दिसतं. Pending payment या लेबलात ढीगभर चॅट दिसतात आणि तुम्हाला पक्कं ठाऊक असतं की इतक्या लोकांकडे पैसे बाकी नाहीत. आकड्यावर विश्वास उरला नाही की माणूस ते लेबल उघडून बघणंच सोडतो, आणि खरी बाकी त्यातच पडून राहते.

तिसरं, आपोआप जाणारे मेसेज नको तिथे जातात. भर दुपारी "दुकान बंद आहे" असं उत्तर जातं. रात्री ऑर्डर टाकणाऱ्याला काहीच जात नाही. किंवा ज्याने नुसता भाव विचारला, त्याला "ऑर्डर मिळाली, धन्यवाद" जातं आणि तो आठ दिवस पार्सलची वाट बघत बसतो.

चौथं, क्विक रिप्लायमधून गेल्या वर्षीचा दर जातो, आणि एकदा दर लिहून पाठवला की तो मागे घेणं जिवावर येतं.

यातलं एकही लक्षण दिसत असेल तर खालच्या क्रमाने तपासा. वरच्या गोष्टी मिनिटाभरात होतात, फुकट होतात. निम्मे फोन तिथेच मार्गी लागतात, म्हणून सरळ लेबलांवर उडी मारू नका.

पहिली तपासणी: मेसेज डोळ्यासमोर येतोय का

चॅटच्या यादीत सगळ्यात वर Archived लिहिलेलं दिसतं का बघा आणि ते उघडा. बऱ्याच जणी काम संपलेलं चॅट आर्काइव्ह करून यादी हलकी ठेवतात. सवय चांगली आहे. पण सेटिंगमध्ये Chats खाली Keep chats archived हा पर्याय चालू असेल, तर त्या गिऱ्हाइकाने नवी ऑर्डर टाकली तरी चॅट वर येत नाही, आतच राहतं. हा पर्याय बंद करा. मग नवा मेसेज आला की चॅट आपोआप मुख्य यादीत परत येईल. जुनी गिऱ्हाइकं जास्त का हरवतात, त्याचं एक कारण हे. आर्काइव्हमध्ये तीच असतात.

मग म्यूट केलेली चॅट बघा. एखादीने पहाटे गुड मॉर्निंगची चित्रं पाठवली म्हणून तिला म्यूट केलेलं असतं आणि तिचीच पाच किलोची ऑर्डर आवाज न करता येते.

यापुढची गोष्ट मोबाइलच्या सेटिंगची नाही, घराची आहे. फोन ओट्यावर ठेवलेला असतो, मुलगा गेम खेळता खेळता मेसेज उघडून बघतो आणि बंद करतो. उघडलं की न वाचलेल्याची हिरवी खूण जाते, आणि लॅपटॉपवर तेच खातं जोडलेलं असेल तर तिथूनही जाते. बाकी कुणाला कळतच नाही की काही आलं होतं. घरात एक नियम करा: चॅट उघडलं आणि उत्तर द्यायला वेळ नसेल, तर यादीत त्या चॅटवर बोट दाबून धरून Mark as unread करायचं. एवढं लहान मुलालाही शिकवता येतं.

दुसरी तपासणी: मेसेज आपोआप पुसला जात नाही ना

चॅटमध्ये गिऱ्हाइकाच्या नावावर बोट ठेवा आणि Disappearing messages बघा. हा पर्याय समोरचा माणूसही चालू करू शकतो. त्यात 24 तास, 7 दिवस किंवा 90 दिवस अशी मुदत असते. आखाजीची ऑर्डर लोक पंधरा-पंधरा दिवस आधी देतात. मुदत 7 दिवसांची असेल तर पापड लाटून वाळेपर्यंत ऑर्डरचा मेसेज गेलेला असतो, आणि चॅटवर लेबल असूनही आत काय मागितलं होतं ते सापडत नाही. हा पर्याय Off करा आणि गिऱ्हाइकाला एक ओळ लिहा की ऑर्डरचा हिशेब राहावा म्हणून बंद केलाय. कुणी हरकत घेत नाही.

पाठवलेला मेसेज 15 मिनिटांपर्यंत बदलता येतो, हेही ध्यानात ठेवा. तुम्ही "2 किलो" वाचून वहीत लिहिता आणि त्याने मागाहून "3 किलो" केलेलं असतं. मेसेजखाली Edited दिसतं, पण घाईत कोण बघतं? यावरचा उपाय चौथ्या तपासणीत आहे.

तिसरी तपासणी: आपोआप जाणारे मेसेज

Business tools मध्ये Greeting message आणि Away message हे दोन वेगळे आहेत. दोघांचं काम न समजल्याने गोंधळ होतो.

ग्रीटिंग जातं ते पहिल्यांदाच मेसेज करणाऱ्याला, किंवा ज्या चॅटमध्ये 14 दिवस काहीच हालचाल नव्हती त्याला. म्हणून "काल दोघांना गेलं, आज एकालाही गेलं नाही" यात बिघाड काहीच नसतो, आज जुनीच गिऱ्हाइकं बोलत होती इतकंच. तपासायचं तर ज्या नंबरवरून गेले 14 दिवस बोलणं झालेलं नाही अशा नंबरवरून मेसेज टाका. नवऱ्याच्या फोनवरून रोज बोलता आणि त्यावरूनच तपासता, मग ते कसं जाईल?

अवे मेसेजला तीन वेळा असतात: कायम, ठरावीक वेळापत्रकाने, किंवा व्यवसायाच्या वेळेबाहेर. भर दुपारी "बंद आहे" जात असेल तर बहुतेक वेळा Always send राहिलेलं असतं. कुठल्या तरी लग्नाला जाताना चालू केलं आणि परत आल्यावर बंद करायचं राहिलं. व्यवसायाच्या वेळेबाहेर असं निवडलं असेल तर प्रोफाइलमध्ये त्या वेळा खरंच भरल्यात का ते बघा. फोनचं घड्याळ आपोआप वेळ घेणारं ठेवा.

मग Recipients उघडा. तिथे पत्त्याच्या यादीत नसलेल्यांनाच पाठवा असं निवडलं असेल, तर ज्यांचे नंबर तुम्ही सेव्ह केलेत त्यांना अवे मेसेज जाणारच नाही. तुमची रोजची गिऱ्हाइकं सेव्ह केलेलीच असतात.

हे सगळं बरोबर असूनही मेसेज जात नसेल तर फोनकडे वळा. हे आपोआप मेसेज तुमच्या फोनला इंटरनेट असेल तेव्हाच जातात. रात्री डेटा बंद करून झोपलात तर अवे मेसेज बसून राहतो. काही फोन बॅटरी वाचवायला अ‍ॅपला मागे झोपवतात. फोनच्या सेटिंगमध्ये अ‍ॅपच्या बॅटरीच्या पर्यायात Unrestricted करा आणि डेटा सेव्हरमधून अ‍ॅपला सूट द्या. शेतातल्या घरी रेंज जात-येत असेल तर अवे मेसेजवर काहीही अवलंबून ठेवू नका, हे मी ठामपणे सांगते. ग्रुपमध्येही हे मेसेज जात नाहीत. सोसायटीच्या किंवा माहेरच्या ग्रुपवर "मला पण 1 किलो" म्हणणारीला कुणीच उत्तर देत नसतं.

आता शब्दांचं. माझ्या मते या सगळ्या तपासणीत हीच दुरुस्ती सगळ्यात मोलाची आहे. आपोआप जाणाऱ्या मेसेजमध्ये "ऑर्डर मिळाली" हे शब्द कधीही घालू नका. अ‍ॅप मेसेज वाचत नाही. समोरच्याने ऑर्डर दिली, भाव विचारला की नुसता नमस्कार केला, त्याला सगळं सारखंच. त्यामुळे भाव विचारणाऱ्यालाही वाटतं की काम झालं. त्याऐवजी असं लिहा:

```
नमस्कार. आत्ता आम्ही पापड लाटण्यात आहोत.
काय हवं, किती किलो, आणि पूर्ण पत्ता पिनकोडसह लिहून ठेवा.
आमच्याकडून ऑर्डर नंबर आला तरच ऑर्डर पक्की समजा.
```

शेवटची ओळ सगळ्यात महत्त्वाची. तिच्यामुळे गिऱ्हाईकच विचारतं, "ताई, नंबर आला नाही अजून." हरवलेली ऑर्डर तुम्हाला शोधावी लागत नाही, ती स्वतः दार वाजवते.

चौथी तपासणी: क्विक रिप्लाय

क्विक रिप्लाय 50 पर्यंत ठेवता येतात. पन्नास ठेवू नका. मी फोन हातात घेते तेव्हा त्यात पापडाचा दर चार-चार रिप्लायमध्ये लिहिलेला असतो: एक दराचा, एक होळी ऑफरचा, एक "पुण्यासाठी", एक गेल्या वर्षीचा. उडीद डाळ महागली की ताई एकात दर बदलतात, तीन तसेच राहतात. दर एकाच रिप्लायमध्ये ठेवा, बाकी सगळ्यांतून काढून टाका. बहुतेकींना तीनच पुरतात: दरासाठी `/rate`, पैसे कुठे पाठवायचे त्यासाठी `/pay`, आणि ऑर्डर पक्की करण्यासाठी `/pakka`. मेसेजच्या जागी तिरकी रेघ टाकली की यादी वर येते.

निवडलेला रिप्लाय लगेच जात नाही, आधी लिहायच्या जागेत येऊन थांबतो. म्हणजे त्यात मोकळ्या जागा ठेवून पाठवण्याआधी भरता येतात. `/pakka` मी असा बनवून देते:

```
ऑर्डर नं. ___
माल: ___
एकूण: ___ रु. (पार्सल धरून)
पत्ता: ___
निघण्याची तारीख: ___
काही चुकलं असेल तर आत्ताच सांगा.
```

ही आठ-दहा शब्दांची मेहनत टाळू नका. सुरतेच्या मावशी दोन मिनिटांची व्हॉइस नोट पाठवतात, त्यात भाचीच्या लग्नापासून सगळं असतं आणि मध्येच "तीन किलो उडदाचे". व्हॉइस नोट शोधात सापडत नाही. कुणी वहीच्या पानाचा फोटो पाठवतं, तोही शोधता येत नाही. तुम्ही टाइप केलेली पक्की ऑर्डर मात्र अ‍ॅपच्या शोधात नंबर टाकला की क्षणात येते. गिऱ्हाइकाने मागाहून मेसेज बदलला, पुसला, तरी तुमचा मेसेज जागेवर राहतो आणि काय ठरलं होतं याचा वाद होत नाही. ग्रुपवर आलेली ऑर्डरही त्या बाईच्या स्वतंत्र चॅटमध्ये `/pakka` टाकूनच घ्या.

नंबर कसाही चालतो, फक्त पुन्हा येऊ नये. तारीख, महिना आणि त्या दिवसाचा अनुक्रम मला सोपा वाटतो. 12 एप्रिलची तिसरी ऑर्डर म्हणजे 1204-3.

पाचवी तपासणी: लेबलं, म्हणजे खरं दुखणं

इथपर्यंत सगळं ठीक असेल आणि तरी पार्सल राहत असतील, तर चूक लेबलांच्या वापरात आहे. लेबल लावलं की ते लागलेलंच राहतं. दुसरं लावल्याने पहिलं निघत नाही. पोत्यावर मारलेल्या शिक्क्यासारखं आहे हे, माल संपला तरी शिक्का पोत्यावरच. आणि चॅटवर लावलेलं लेबल त्या माणसाला लागतं, त्याच्या आजच्या ऑर्डरला नाही.

भुसावळच्या एका ताईंच्या फोनवर बघितलेलं तपशिलात सांगते. सुरतेच्या एक मावशी मार्चमध्ये 2 किलो उडीद पापड घेऊन गेल्या. चॅटवर आधी New order लागलं, मग Pending payment, मग Paid, मग Order complete. काढलं एकही नाही. चारही लेबलं एका चॅटवर. एप्रिलमध्ये आखाजीला लेकी माहेरी येणार म्हणून मावशींनी व्हॉइस नोटमध्ये 3 किलो पापड आणि 2 किलो बिबडे सांगितले आणि 1700 रुपये पाठवले. 340 ने पापडाचे 1020, 280 ने बिबड्यांचे 560, पार्सलचे 120. हिशेब चोख. ताईंनी New order लावायला लेबलं उघडली तर ते आधीच लागलेलं. Paid लावायला गेल्या तर तेही आधीच लागलेलं. त्यांना वाटलं, सुनेने लावलं असेल. संध्याकाळी सून बांधायला बसली. तिने यादीत Order complete बघितलं आणि तिला वाटलं, सासूबाईंनी पाठवून दिलं. दोघींनी आपापलं काम बरोबर केलं, आणि पार्सल राहिलं.

यावर उपाय दोन, आणि दोन्ही एकत्र करायचे.

पहिला: एका ऑर्डरवर एका वेळी एकच लेबल. पुढचं लावताना मागचं त्याच वेळी काढायचं. लेबलांची खिडकी उघडते तेव्हा खुणा तिथेच असतात, एक खूण काढायची, एक लावायची, मग सेव्ह. माल निघाला की सगळीच काढायची. Order complete नावाचं लेबल मी पुसूनच टाकायला लावते. पूर्ण झालेल्या ऑर्डरवर काहीच लेबल नको, म्हणजे लेबल दिसलं की काम बाकी आहे हे न विचारता कळतं.

दुसरा: शक्य असेल तर लेबल चॅटवर नको, तुमच्या `/pakka` मेसेजवर लावा. तो मेसेज दाबून धरा, वरच्या तीन टिंबांत लेबलचा पर्याय येतो. मग मावशींची मार्चची ऑर्डर वेगळी आणि एप्रिलची वेगळी राहते, एका चॅटमध्ये दोन ऑर्डरी चालू असल्या तरी. तुमच्या अ‍ॅपमध्ये मेसेजवर हा पर्याय येत नसेल तर लेबल चॅटलाच लावा, पण पक्क्या मेसेजला तारांकित करा आणि माल निघाला की तारा काढा. ताऱ्यांची यादी आणि लेबलांची यादी रात्री एकमेकींशी जुळली पाहिजे.

लेबलं 20 पर्यंत करता येतात. काही ताईंनी गावाची लेबलं केलेली असतात, काहींनी पदार्थांची: सुरत, पुणे, कुरडया, मसाला. ती वाईट नाहीत, पण ती कधीच काढायची नसतात, आणि काढायची व न काढायची लेबलं एकत्र आली की नजर फसते. गाव नंबर सेव्ह करतानाच नावापुढे लिहा. लेबलं फक्त टप्प्यांसाठी ठेवा. चार पुरतात: नवी, पैसे बाकी, बांधायची, बांधून तयार. "बांधून तयार" हे आमच्याकडे उपयोगाचं ठरतं, कारण पार्सल बांधल्यावर रात्रीच्या ट्रॅव्हल्सला देईपर्यंत मध्ये काही तास जातात आणि त्यातच एखादं खोकं पलंगाखाली राहतं. डिकीत टाकलं, पावती घेतली, पावतीचा फोटो गिऱ्हाइकाला गेला, मग लेबल काढायचं.

"बांधायची" हे लेबल कधी लावायचं याबाबत कडक राहा. गिऱ्हाइकाचा स्क्रीनशॉट बघून नाही. तुमच्या बँकेच्या किंवा यूपीआयच्या अ‍ॅपमध्ये रक्कम जमा दिसली की मगच. स्क्रीनशॉट जुना असतो, दुसऱ्याचा असतो, कधी व्यवहार अडकलेला असतो, आणि तो पाठवणाऱ्यालाही ते ठाऊक नसतं.

सहावी तपासणी: एकाच खात्यावर किती हात

मुख्य फोनशिवाय आणखी 4 उपकरणं जोडता येतात. Linked devices उघडा आणि यादी वाचा. त्यात जुना फोन, भाच्याचा लॅपटॉप, गेल्या वर्षी मदतीला आलेल्या मुलीचा फोन असं काही निघालं तर लगेच Log out करा. कारण दोन आहेत: तिथून कुणी चॅट उघडलं की न वाचल्याची खूण जाते, आणि तुमच्या सगळ्या गिऱ्हाइकांचे पत्ते-नंबर तिथे उघडे असतात. मुख्य फोन 14 दिवसांपेक्षा जास्त काळ वापरलाच नाही तर जोडलेली उपकरणं आपोआप बाहेर पडतात. फोन दुरुस्तीला दिला आणि लॅपटॉपवर काम चालू ठेवलं, तर अचानक ते थांबतं ते याच कारणाने.

दोघी-तिघी काम करत असतील तर टप्पे वाटून घ्या, चॅट नाही. एकीने `/pakka` पाठवायचा आणि पैसे जमा झाले की "बांधायची" लावायचं. दुसरीने फक्त "बांधायची" उघडायचं, बांधायचं आणि लेबल पुढे सरकवायचं. एकच टप्पा दोघींनी हलवला की दोनदा बांधलेली पार्सलं निघतात.

सातवी तपासणी: जुना पसारा साफ करणं

हे सगळ्यात वेळखाऊ, म्हणून शेवटी. शेकडो चॅटवर जुनी लेबलं असतील तर एकेक काढत बसू नका. लेबल पुसलं तर चॅट जात नाहीत, फक्त खूण जाते. आधी वहीत आजच्या घडीला चालू असलेल्या ऑर्डरी लिहून काढा: नाव, माल, पैसे आले की नाही. एका वेळी एकीने बोलायचं, दुसरीने लिहायचं. मग जुनी लेबलं पुसा, चार नवी करा आणि वहीतल्या ऑर्डरींनाच ती लावा. लेबलाचा आकडा आणि वहीचा आकडा जुळला की काम झालं.

भर एप्रिलमध्ये हे करायचं तर दुपारचा डेटा बंद करून तासभर बसावं लागतं. जमलं तर मृगाचा पाऊस पडून वाळवण थांबलं की करा. तेव्हा चालू ऑर्डरी मोजक्या असतात.

त्यानंतर रोज रात्री एक मिलान करा: चारही लेबलांतल्या आकड्यांची बेरीज, आणि आजवर पाठवलेल्या सगळ्या ऑर्डर नंबरांतून निघालेल्या पार्सलच्या पावत्या वजा केल्यावर उरणारा आकडा. फरक आला तर त्याच रात्री शोधा. दुसऱ्या दिवशीच्या नव्या मेसेजखाली तो गाडला गेला की शोधणं दुप्पट होतं.

इथे थांबा आणि जाणकाराला बोलवा

फोनची जागा भरली असेल, अ‍ॅप उघडताच बंद होत असेल, तर मोबाइल दुरुस्तीवाल्याकडे जा. पण आधी Chat backup झालाय का आणि शेवटची तारीख कोणती ते स्वतः बघा. "अ‍ॅप काढून पुन्हा टाका" हा सल्ला बॅकअपशिवाय मानू नका. हंगामाच्या ऑर्डरी गेल्या तर त्या परत आणणं कुणाच्या हातात नाही.

तुम्ही मागितलेला नसताना सहा आकडी कोड आला, कुणी फोन करून तो मागितला, किंवा तुमचं खातं अचानक बाहेर पडलं, तर घरगुती प्रयोग थांबवा. कोड कुणालाही देऊ नका. स्वतःच्या फोनवर नंबर पुन्हा नोंदवा आणि Two-step verification चालू करा. खात्यातून कुणी गिऱ्हाइकांकडे पैसे मागितले असतील किंवा पैसे गेले असतील तर ताबडतोब 1930 या सायबर हेल्पलाइनला फोन करा किंवा cybercrime.gov.in वर तक्रार नोंदवा. पहिल्या काही तासांत सांगितलं तर रक्कम अडवण्याची शक्यता जास्त असते.

हजारो लोकांना एका क्लिकमध्ये मेसेज पाठवून देतो, किंवा रंगीत जादा सोयींचं दुसरं अ‍ॅप टाकून देतो, असं कुणी म्हणालं तर नको म्हणा. अशा बनावट अ‍ॅपमुळे नंबरच बंद होतो, आणि तो नंबर तुमच्या पापडाच्या पाकिटावर छापलेला असतो. अ‍ॅपची स्वतःची ब्रॉडकास्ट यादी 256 जणांची असते आणि ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच ती पोचते. त्यात राहून काम करा.

शेवटचं, या फुकटच्या अ‍ॅपला जे जमतच नाही ते. "पापडासाठी 1, बिबड्यांसाठी 2 दाबा" असा संवाद, ऑर्डर वाचून बिल तयार करणं, किंवा पाचपेक्षा जास्त जणींनी एका नंबरवर काम करणं हवं असेल, तर सेटिंगमध्ये शोधत बसू नका. त्यासाठी व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस प्लॅटफॉर्म वेगळा आहे आणि तो अधिकृत सेवा देणाऱ्यामार्फत लावून घ्यावा लागतो. त्याच्याशी बोलताना तीन गोष्टी लेखी विचारा. माझा हाच नंबर राहील का, आणि फोनमधलं अ‍ॅप चालू राहील का? गिऱ्हाइकाच्या शेवटच्या मेसेजनंतर 24 तास उलटले की फक्त मंजूर साच्यातले मेसेज पाठवता येतात, तर माझे साचे कोण मंजूर करून देणार? आणि त्या मेसेजचे पैसे धरून एप्रिलसारख्या गर्दीच्या महिन्यात एकूण किती खर्च येईल, मासिक फी वेगळी दाखवून?